तापमान लिहून घे

सरांचे पत्र बुधवारी आले. गुरुवारी मला खामगावच्या एका तेलगिरणीत केमिस्ट म्हणून रुजू व्हायचे होते. शुक्रवारी मी मेहकरला घरी होतो आणि नोकरी नव्हती.

याला आता बारा-तेरा वर्षे झाली. सर गेल्या महिन्यात गेले. कळल्यापासून त्यांच्याविषयी काही लिहावे असे मनात आहे, पण हात चालत नाही. लिहायला बसलो की एखादे विशेषण येते आणि मी ते खोडतो. ही सवय त्यांनी लावलेली. प्रयोगाच्या वहीत कोणी 'सुंदर निळा रंग' असे लिहिले की ते 'सुंदर'खाली लाल रेघ मारीत आणि समासात लिहीत, 'हे तुझ्याविषयी झाले. द्रवाविषयी लिही.'

ते आम्हाला शाळेत रसायन शिकवीत. धोतर, वर काळा कोट, आणि कोटाच्या आतल्या खिशात बांबूची एक नळी. नळीत कापूस भरून त्यात तापमापी ठेवलेला असे. सर तो कुठेही बाहेर काढीत. बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा आला की कपात तापमापी धरून बसत आणि साठ अंशांवर आला की पीत. हॉटेलवाला रोज विचारी, "गुर्जी, आज चहाले ताप हाये का?" सर आकडा सांगत. त्यांना तो विनोद कधी कळला की नाही कोण जाणे. मला वाटते कळला होता, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते असा त्यांचा समज होता.

वर्गात ते अस्सल वऱ्हाडी बोलत. बाहेरून आलेल्या एक-दोन मास्तरांना ते खटके. मुलांच्या कानावर शुद्ध भाषा पडली पाहिजे असे त्यांनी मुख्याध्यापकांकरवी सांगून पाहिले. सर म्हणाले, बोललेले हवेत जाते, लिहिलेले राहते, म्हणून मी लिहिताना काळजी घेतो. आणि ते खरे होते. त्यांचे लेखन छापल्यासारखे असे. बोलताना मात्र त्यांचे एक वाक्य ठरलेले होते. कोणी काहीही ठामपणे सांगितले, अगदी गावात बिबट्या आला असे सांगितले, तरी ते म्हणत, "पाह्यलं का? मंग सांग."

बायको फार लवकर गेली होती. मूल नव्हते. पैनगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक खोली घेऊन राहत, खिचडी करून खात. खोलीत पुस्तकांपेक्षा बाटल्या जास्त होत्या.

लोणारची सहल आमच्या वर्गातल्या सगळ्यांना आठवते. तळ्यावर वाटाड्याने लवणासुराची गोष्ट सांगितली. सर ती शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत उभे होते, मध्ये त्यांनी दोन शंकाही विचारल्या. मग आम्हा प्रत्येकाला लिटमसचा लाल कागद दिला. तळ्याच्या पाण्यात तो निळा व्हायचा होता आणि वरच्या धारेच्या गोड्या पाण्यात लालच राहायचा होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने आदल्या दिवशी घरीच दोन्ही निरीक्षणे लिहून आणली होती. दोन्ही बरोबर होती. सरांनी त्याला शून्य दिले. तो रडकुंडीला आला, म्हणाला, सर, पण निळाच झाला ना? सर म्हणाले, "झाला. पण तू तिथं नोयता." त्या मुलाचे वडील शाळेत भांडायला आले. शून्य तसेच राहिले.

मी रसायन घेऊन बी.एस्सी. झालो ते या माणसामुळे. पुढे एका सरकारी प्रयोगशाळेत हंगामी जागेवर लागलो. अन्नाचे नमुने तपासण्याचे काम होते आणि मला बहुतेक तेले दिलेली असत. वऱ्हाडात त्या काळी तेलातली भेसळ म्हणजे मुख्यतः एकच होती. शेंगदाण्याच्या तेलात सरकीचे तेल. कापसाच्या जिनिंगमधून सरकी ढिगांनी निघते, तिचे तेल स्वस्त, शेंगदाण्याचे महाग. दोन्ही एकत्र केली की डोळ्यांना आणि जिभेला फरक कळत नाही. चाचणी मात्र सोपी आहे. थोडे तेल घ्यायचे, तेवढेच अमाईल अल्कोहोल, आणि गंधक विरघळवलेले तेवढेच कार्बन डायसल्फाईड. मिश्रण आधी गरम पाण्यात धरून डायसल्फाईड उडू द्यायचे, विस्तवापासून लांब, कारण ते लगेच पेटते. मग नळी मिठाच्या उकळत्या पाण्यात ठेवायची. सरकीचे तेल असेल तर तांबडा रंग चढतो. नसेल तर चढत नाही. मी अशा नळ्या किती पाहिल्या याचा हिशेब नाही.

हंगामी जागा संपली. मी घरी आलो आणि आठ-नऊ महिने घरीच होतो. वडील तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धाकट्या बहिणीची सोयरीक जानेफळच्या एका किराणा दुकानदाराच्या घरी ठरत आली होती. त्यांची मागणी अशी नव्हतीच. फक्त मुलाच्या बापाचे म्हणणे होते की भाऊ एकदा कुठे चिकटू द्या, मग तिथी काढू. बिनकामाच्या भावाचे घर म्हणजे उद्या सगळे ओझे जावयावर. यात चूक काही नव्हते.

अशा वेळी खामगावच्या त्या गिरणीचा निरोप आला. प्रयोगशाळेत मिळे त्याच्या दुपटीहून जास्त पगार, राहायला खोली. शेठजींनी मला एकदा बोलावून घेतले आणि काम समजावून सांगितले. त्यांचे नमुने दोनदा तांबडे निघाले होते. तसे पुन्हा व्हायला नको होते. सरकीचे तेल अडीचशे अंशांपर्यंत तापवले तर ती चाचणी लागत नाही हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले होते. किती तापवायचे, किती वेळ धरायचे, नंतर वास आणि काळपटपणा कसा काढायचा, हे पाहायला त्यांना माणूस हवा होता. ज्याने तांबडा रंग रोज पाहिला आहे असा.

मी हो म्हणालो. मग सरांना पत्र लिहिले. खरे म्हणजे आशीर्वाद मागायचा होता, पण सरांना आशीर्वाद मागणे अवघड जाई, म्हणून रसायनातला प्रश्न विचारला. इतके तापवल्यावर तेल कितपत बिघडते, आणि रंग देणारा पदार्थ पुरता मोडतो की थोडा उरतो? काम कोणते, कोणासाठी, ते सगळे लिहिले होते. सर त्याच गावात, आमच्यापासून दहा मिनिटांवर राहत. पण ज्या गोष्टीचा विचार करायचा ती लिहून विचारायची, असा त्यांचा शिरस्ता होता, आणि उत्तरही टपालाने येई. एरवी कार्ड येई. या वेळी आंतरदेशीय आले.

ते पत्र असे होते.

'चि. यास अनेक आशीर्वाद.

आधी तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. तुझे म्हणणे बरोबर आहे. त्या तापमानाला थोडा वेळ धरले तर रंग देणारा पदार्थ मोडतो आणि चाचणी लागत नाही. तेल धुरकट होईल, वास येईल. रंग शोषणारी माती घालून गाळावे लागेल. हे तुला माहीत होते. ज्याचे उत्तर माहीत आहे तो प्रश्न माणूस दुसऱ्या प्रश्नाच्या जागी विचारतो, म्हणून आता त्या दुसऱ्याकडे येतो.

शुद्ध केलेले सरकीचे तेल विष नव्हे. ते खाऊन कोणी मरणार नाही, असे तुला शेठजींनी सांगितले असेल, आणि ते खरे आहे. मग ते सरकीचे तेल म्हणून का विकत नाहीत? त्या नावाने त्याला कमी भाव मिळतो म्हणून. म्हणजे विकले जाते ते नाव. बाजारात बाटली घेऊन येणारी बाई ते नाव पाहू शकत नाही, चाखू शकत नाही. तिच्या वतीने कोणीतरी नळी मिठाच्या पाण्यात धरतो. काही काळ तो तू होतास. आता तुला दुप्पट पगार मिळणार तो तेच शिक्षण उलट्या बाजूने वापरण्याचा. तुझ्याइतका चांगला माणूस त्यांना मिळणार नाही हेही खरे.

मी जाऊ नको असे लिहीत नाही. मला पगार आहे आणि माझ्या घरी कोणी जेवायला नाही. ज्याचे काही जात नाही त्याने दुसऱ्याला सोडायला सांगू नये.

एक मात्र कर. रुजू होण्याआधी मालकांना सांग की नेमणुकीच्या पत्रात काम पूर्ण लिहून द्या. कोणते तेल, किती अंश, किती वेळ, कशासाठी. तापमान लिहून घे. त्यांनी लिहून दिले तर नोकरी कर, मी तुला पुन्हा याविषयी विचारणार नाही. जे काम करवून घेणारा सही करून लिहून देतो, ते करणाऱ्याला लपवावे लागत नाही. त्यांनी लिहून दिले नाही, तर काय ते तू स्वतः पाहिलेले असशील. माझ्या सांगण्यावरून काही करू नकोस.

ता. क. गेलास तर शाळेतल्यासारखा एकशे दहा अंशांचा तापमापी वापरू नकोस. फुटेल. तीनशे साठचा घे.'

पत्र मी घरात कोणाला दाखवले नाही. सकाळच्या एस.टी.ने खामगावला गेलो. गिरणीच्या आवारात सरकीचे ढीग होते, पेंडीची पोती लावून ठेवली होती, आणि सगळ्यावर तो तेलाचा जडसा वास होता. शेठजी गादीवर बसले होते. साठीचा, सौम्य माणूस. त्यांनी चहा मागवला, वडिलांच्या डोळ्यांची चौकशी केली, मुंबईला एक डॉक्टर ओळखीचे आहेत म्हणाले. मी चहा संपेपर्यंत थांबलो आणि मग सांगितले.

शेजारी बसलेल्या मुनीमजींना हसू आवरेना. "घ्या. म्हंजे आता लगनाच्या पत्रिकेत वरणातलं मीठबी छापा."

शेठजी हसले नाहीत. मी चेष्टा करतो आहे की पैसे वाढवून मागतो आहे, हे ते माझ्या तोंडाकडे पाहून ठरवीत होते. पगार कमी वाटतो का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. मला फक्त काम लिहून हवे आहे.

"बाबू," ते म्हणाले, "लिहून देता आलं असतं त तुले काऊन बोलावलं असतं?"

हे त्यांनी रागाने म्हटले नाही. व्यवहारातली एक साधी गोष्ट मुलाला समजावून सांगावी तसे म्हटले. त्यानंतर बोलण्यासारखे काही उरले नाही. मी उठलो. त्यांनी गिरणीच्या जीपमधून मला बसस्टँडवर सोडायला सांगितले आणि महिनाभर जागा ठेवतो, विचार कर, असेही म्हणाले. त्यांनी महिनाभर खरोखर जागा ठेवली. मग दुसरा मुलगा घेतला. तो कामात चांगला असावा, कारण तो आल्यावर त्या गिरणीचा नमुना पुन्हा तांबडा निघाल्याचे कधी ऐकू आले नाही.

घरी मी सगळे सांगितले. वडील म्हणाले, तुमच्या सरांना पगार आहे, पुढे पेन्शन आहे. आई देवापुढे जाऊन बसली. बहीण चुलीपाशी होती, तिने ऐकले.

सोयरीक त्या वेळी मोडली नव्हती. जानेफळवाले थांबायला तयार होते. आणखी दोन-तीन महिने पाहू म्हणाले. मोडली ती सरांमुळे.

माझ्या नोकरीचे काय झाले हे सरांना कळले, आणि त्यामुळे लग्न अडले आहे हेही कोणाकडून तरी कळले. त्याच महिन्यातल्या एका रविवारी ते कोट घालून, हातात पिशवी घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "चाल. जानेफळले जाऊ. त्याइले समजावून सांगू." मी म्हणालो, सर, ते समजून आहेत. "तू सांगतलेलं समजले असन. पाह्यलेलं नाही."

पिशवीत काय आहे हे मी विचारायला हवे होते. विचारले नाही. बसमध्ये ते पिशवी मांडीवर धरून बसले होते.

जानेफळला त्या लोकांनी चांगले स्वागत केले. मुलाचा बाप, म्हणजे दुकानदार, गावातला मानाचा माणूस होता. नवरीच्या भावाचे मास्तर आले म्हणून त्यांनी जाजम अंथरले. सरांनी सुरुवात चांगली केली. नवरीच्या भावाने नोकरी आळसाने सोडली नाही, हे सांगितले. मग सरकीचे तेल काय, शेंगदाण्याचे काय, तांबडा रंग म्हणजे काय. लोक मान हलवीत होते. त्यांना निम्मे कळत नव्हते, हे सरांना दिसले. शिकवणारा माणूस अशा वेळी जे करतो ते त्यांनी केले. मुलाच्या आईला विचारले, "बाई, घरात गोडं तेल असन ना? वाटीभर द्या. आन मीठ."

त्यांनी पिशवीतून नळ्या आणि दोन बाटल्या काढल्या. ओसरीच्या टोकाला, चुलीपासून लांब, गरम पाण्याच्या भांड्यात नळी धरून बसले. कुजक्या कोबीसारखा वास घरभर झाला. मग चुलीवर मिठाचे पाणी ठेवले आणि नळी त्यात सोडली. याला वेळ लागतो. दुकानदाराच्या बायकोने दुसऱ्यांदा चहा केला. शेजारचे लोक दारात जमले. मी काय होणार ते पाहत होतो आणि मला तिथून उठता येत नव्हते. हे किराणा दुकान आहे, घरातले तेल दुकानातले आहे आणि दुकानातले तेल खामगावच्या त्याच गिरणीचे आहे, हे मला माहीत होते. सरांनाही माहीत असायला हवे होते. पण प्रयोग सुरू झाला की सरांना नळीखेरीज काही दिसत नसे.

अर्ध्या तासाने नळी तांबडी झाली. सरांनी ती वर काढून उजेडाकडे धरली. त्यांचा चेहरा उजळला होता. "पाह्यलं?" ते म्हणाले. "हे पाहा. हेच."

दारातल्या लोकांनी पाहिले. त्यातले बहुतेक त्याच दुकानाचे गिऱ्हाईक होते.

दुकानदार उठून उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही. "गुर्जी," तो म्हणाला, "तुमी सोयरीक जोडाले आले, का माह्यं दुकान उठवाले?"

परतीच्या बसमध्ये सर पिशवी मांडीवर धरून बसले. मेहकर जवळ आले तेव्हा म्हणाले, "रंग लवकर आला. भेसळ जास्त होती." तीन दिवसांनी जानेफळहून नकार आला.

नकाराच्या दुसऱ्या दिवशी सर आमच्या घरी आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. माझी बहीण बाहेर आली. ती कोणाशी वर मान करून बोलणारी मुलगी नव्हती. तिच्या हाताला पीठ होते.

"सर, तुमी दादाले सारं लिहून घ्याले सांगतलं," ती म्हणाली. "माह्यं काय जाईन, ते लिहिलं होतं का तुमी त्यात?"

"नाही."

"काऊन?"

"मले दिसलं नाही."

"दिसलं नाही, का पाह्यलं नाही?"

सरांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला आणि परत आला.

"पाह्यलं नाही," ते म्हणाले. मग तिला हात जोडून नमस्कार केला आणि उतारावरून खाली गेले. मोठ्या माणसाने आपल्याला नमस्कार केला म्हणून ती आत जाऊन रडली. नकारावर मात्र रडलेली मी पाहिली नाही.

त्यानंतर सर फारसे बदलले असे म्हणता येणार नाही. चहाचे तापमान घेत राहिले. शून्य देत राहिले. एक गोष्ट मात्र नवी होती आणि ती माझ्यानंतरच्या मुलांनी मला सांगितली. कोणी सल्ला विचारायला आला की ते आधी विचारत, घरी कोण कोण आहे. प्रत्येकाचे नाव, वय, काय करते, सगळे. मुले कंटाळत. त्यांना नोकरीविषयी विचारायचे असे आणि सर आजीच्या दम्याविषयी विचारत बसत. पुष्कळदा मग ते सल्ला देतच नसत. म्हणत, इतक्या माणसांचे मला कळत नाही, तुला कळेल.

मला ते कार्डे पाठवीत. मी पुढे वरवट बकालला शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो. बहीण माझ्याबरोबर आली, तिने शिक्षिकेचा कोर्स केला. प्रत्येक कार्डाच्या शेवटी एकच ओळ असे, 'बहिणीस काय वाचायला पाठवू ते कळव.' मी तिला विचारी. ती काही सांगत नसे. तरी वर्षातून एकदा एखादे पुस्तक येई. ती ते वाची आणि कव्हर घालून कपाटात ठेवी.

ते गेल्याचे मी तिला सांगितले तेव्हा ती वह्या तपासत होती. "कवा?" एवढेच विचारले. मग हातातली वही पुरी तपासली, बंद केली, आणि पुढची घेतली नाही.

मी नोकरी सोडली ते बरोबर केले का, असे मला कधी कोणी विचारत नाही. मी स्वतःला विचारतो तेव्हा एकच गोष्ट खात्रीने सांगता येते. शेठजींनी लिहून दिले नाही, हे मी पाहिले. बाकीचे, म्हणजे कोणाचे किती गेले आणि त्यातले किती जायला हवे होते, ते मला मांडता येत नाही. सरांनाही आले नाही. त्यांनी तसे निदान कबूल केले.

वडील गेले, आई गेली. बहिणीचे लग्न झाले नाही. माझेही झाले नाही. आम्ही दोघे वरवट बकालला शाळेजवळच्या खोल्यांत राहतो. खामगावची ती गिरणी चालू आहे, शेठजींचा मुलगा पाहतो. इथल्या दुकानात तिचेच गोडे तेल येते, दुसरे येत नाही. मी ते शाळेच्या प्रयोगशाळेत एकदा तपासले. रंग आला नाही. तेल शुद्ध असले तरी येत नाही, आणि तापवलेले असले तरी येत नाही. आम्ही तेच आणतो.